‘मोबाइल लावल्याशिवाय घासच घेत नाही’: लहान मुलांचा स्क्रीन टाइम कमी करायचा, तर सुरुवात जेवणापासून का करायची?

सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं उघडू द्यायचं का, यावर सध्या जगभर वाद सुरू आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2025 पासून तशी बंदी अंमलातही आणली. आपल्याकडेही असा कायदा हवा का, याची चर्चा अधूनमधून होते. पण या सगळ्या चर्चेत एक वयोगट कुठेच नसतो. एक ते तीन वर्षांच्या मुलांचं कुठलंही खातं नसतं, पासवर्ड नसतो. त्यांच्या हातात फोन देतो तो घरातला मोठा माणूस, आणि बहुतेक वेळा तो देतो वरणभाताची वाटी पुढे ठेवताना. इथे कुठलाही कायदा पोहोचत नाही.

या वयासाठी नियम नाहीत असं मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं की, दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीनसमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, जवळपास हेच सांगते: दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको, अपवाद फक्त नातेवाइकांशी कधीमधी होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांपर्यंत एक तासाच्या आत, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. स्वीडनच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने 2024 मध्ये जाहीर केलेली मर्यादाही हीच आहे.

म्हणजे आकड्याबद्दल फारसा वाद उरलेला नाही. अडचण अशी आहे की हा आकडा माहीत असलेल्या घरांमध्येही तो पाळला जात नाही. त्याचं कारण शोधायचं, तर तास मोजण्याआधी फोन नेमका कधी लागतो ते बघावं लागेल.

एका घराचा हिशोब

एक घर डोळ्यासमोर आणू. हे घर कुणा एकाचं नाही, पण अनेकांना ओळखीचं वाटेल. आई-बाबा दोघं नोकरी करणारे, दिवसभर आजी सांभाळते, मुलगी सव्वादोन वर्षांची. सकाळचा नाश्ता फोनसमोर, 25 मिनिटं. दुपारचं जेवण 40 मिनिटं. पाचचं खाणं 15 मिनिटं. रात्रीचं जेवण पुन्हा 40 मिनिटं. झाले बरोबर दोन तास. शिवाय संध्याकाळी स्वयंपाक होईपर्यंत टीव्हीवर पाऊण तास गाणी. एकूण पावणेतीन तास.

या घरात कुणाला विचारलं, तर सगळे म्हणतील, ‘आम्ही फोन देत नाही, फक्त जेवताना लावतो.’ आणि ते खोटं बोलत नसतात. ‘फक्त जेवताना’ हे शब्द छोटे वाटतात, पण लहान मूल दिवसातून चार-पाच वेळा खातं, आणि फोनसमोर खाताना प्रत्येक वेळ लांबते. वरच्या हिशोबातून जेवणाचे दोन तास वजा केले, तर उरतो पाऊण तास, म्हणजे सव्वादोन वर्षांच्या मुलीसाठी सांगितलेल्या मर्यादेच्या आत. टीव्हीला हातही न लावता.

म्हणूनच या लेखात आपण फक्त जेवणाच्या फोनबद्दल बोलणार आहोत. तो सुटला की बाकीचं गणित बऱ्याच घरांत आपोआप जमतं.

फोन ताटापाशी येतो कधी?

बहुतेक घरांत तो मुलाच्या पहिल्या वाढदिवसाच्या आसपास येतो, आणि त्यामागे एक साधं शारीरिक कारण आहे, जे पालकांना कुणी नीट समजावून सांगत नाही.

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या जवळपास तिप्पट होतं. तीन किलोचं बाळ वर्षाचं होताना साधारण नऊ किलोंचं असतं. दुसऱ्या वर्षात मात्र ते पूर्ण वर्षभरात जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग इतका मंदावला की भूकही मंदावते. त्याच सुमाराला मूल चालायला लागतं, त्याला एका जागी बसायचं नसतं, आणि ‘नाही’ म्हणता येतं याचा शोध त्याला नुकताच लागलेला असतो. कालपर्यंत वाटीभर खिमट खाणारं मूल आज तीन घासांनंतर तोंड फिरवतं.

घरात घबराट होते. ‘काही खातच नाही’ हे वाक्य सुरू होतं. शेजारच्या गुटगुटीत मुलाशी तुलना होते. मग एक दिवस कुणीतरी फोन लावतं आणि चमत्कार होतो: मुलाची नजर स्क्रीनवर खिळते, तोंड उघडं राहतं आणि पूर्ण वाटी संपते. ज्याने हे पाहिलं, त्याने दुसऱ्या दिवशी फोन लावला तर त्याला दोष कसा द्यायचा?

पण इथे नेमकं काय झालं ते बघा. मुलाने तोंड फिरवलं होतं कारण त्याचं पोट भरलं होतं किंवा त्याला पुरेशी भूक नव्हती. फोनमुळे भूक वाढली नाही, पोट भरल्याची जाणीव बाजूला पडली. घास तोंडात येतोय, तो मऊ आहे की दाणेदार, गोड की तुरट, याकडे मुलाचं लक्षच नसतं. म्हणून अशी मुलं बरेचदा घास गालात धरून बसतात. चावायला सांगितलं की वैतागतात. मग घरातले अन्न आणखी मऊ करतात, मिक्सरमधून काढतात, आणि अडीच-तीन वर्षांचं मूलही पोळीची लाही तोंडात धरत नाही. चावण्याचा सराव ज्या वयात व्हायला हवा, ते वय निघून जातं. शिवाय लक्ष नसताना भरवलेला घास ठसकण्याचा धोकाही असतोच.

चिऊचा घास आणि व्हिडिओतली चिऊ

यावर आजीचा हमखास प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे: ‘आम्ही नाही का चांदोबा दाखवून, चिऊचा घास काऊचा घास करून भरवलं? तेही लक्ष वळवणंच होतं की.’

हो, होतं. आणि खरं सांगायचं तर त्यातही पोट भरलेल्या मुलाला चार घास जास्त भरवले जात होतेच. पण एक मोठा फरक आहे. चिऊची गोष्ट सांगणारा माणूस मुलाकडे बघत असतो. मुलाने ‘काऊ कुठे गेला?’ असं बोटाने विचारलं की गोष्ट थांबते, उत्तर येतं, गोष्ट वळण घेते. व्हिडिओतली चिऊ मुलाने काहीही केलं तरी तेच गाणं म्हणत राहते.

हा फरक किती मोठा आहे, हे पॅट्रिशिया कूल या अमेरिकन संशोधिकेच्या 2003 मधल्या एका प्रयोगात दिसलं. तिने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेतलं बोलणं ऐकवलं. काही बाळांसमोर बाई स्वतः बसून खेळत, बोलत होत्या. काहींना त्याच प्रकारचं बोलणं टीव्हीवर दाखवलं. बारा सत्रांनंतर प्रत्यक्ष माणसाकडून ऐकलेली बाळं चिनी भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू लागली. टीव्हीवाल्या बाळांच्या पदरात काहीच पडलं नाही. आवाज तसेच होते, समोर माणूस नव्हता.

आजी-आजोबांशी होणाऱ्या व्हिडिओ कॉलला डॉक्टर परवानगी का देतात, याचंही उत्तर यातच आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या नातवाला साताऱ्याची आजी कॉलवर विचारते, ‘काय खाल्लंस रे बाळा?’ आणि तो वाटी कॅमेऱ्यासमोर नाचवतो. आजी हसते, नाव घेते, थांबते. दोन-अडीच वर्षांची मुलं अशा कॉलवरून नवे शब्द शिकू शकतात, पण आधीच चित्रित केलेल्या त्याच बोलण्यावरून शिकत नाहीत, असं 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. तेव्हा तो कॉल ‘स्क्रीन टाइम’मध्ये धरून अपराधी वाटून घेण्याची गरज नाही. फक्त तो भरवण्यासाठी वापरू नका.

चाळीस मिनिटांत काय हरवतं?

2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 220 कुटुंबांचा एक अभ्यास ‘जामा पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संशोधकांनी मुलांच्या कपड्यांत एक छोटं यंत्र ठेवलं. दिवसभर घरात मोठी माणसं किती शब्द बोलतात, मूल किती बोलतं, दोघांमध्ये बोलण्याची देवाणघेवाण किती वेळा होते आणि यंत्रांचा आवाज किती वेळ चालू असतो, हे सगळं त्यात नोंदलं गेलं. म्हणजे पालकांच्या आठवणीवर विसंबायचं कारण उरलं नाही.

तीन वर्षांच्या मुलांच्या बाबतीत निष्कर्ष असा निघाला: स्क्रीनच्या प्रत्येक वाढत्या मिनिटामागे मुलाच्या कानावर मोठ्यांचे सरासरी 6.6 शब्द कमी पडले, मुलाने काढलेले बोलके आवाज 4.9 ने कमी झाले आणि संभाषणाची एकाआड एक देवाणघेवाण 1.1 ने घटली.

हा आकडा आपल्या घरातल्या दुपारच्या जेवणाला लावून बघू. 40 मिनिटांत साधारण 264 शब्द आणि 44 वेळची देवाणघेवाण. ही सरासरी आहे, प्रत्येक घराला तंतोतंत लागू होईल असं नाही. आणि या अभ्यासात फक्त संबंध दिसला, स्क्रीनमुळेच बोलणं कमी झालं असं त्यावरून छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण जेवणाच्या बाबतीत हे तर्काला धरून आहे, कारण जेवण ही घरातली अशी वेळ आहे जिथे मूल आणि मोठं माणूस समोरासमोर बसलेले असतात. ‘गरम आहे, फुंकर मार’, ‘अजून हवं?’, ‘हे काय, भोपळा’, ‘सांडलं बघ’. दोन वर्षांच्या मुलाची भाषा यातूनच उभी राहते. फोन लावला की भरवणारा माणूसही गप्प होतो. बऱ्याचदा तोही स्क्रीनकडेच बघत असतो.

जाता जाता एक गोष्ट. घरातली मंडळी जेवताना मालिका लावतात आणि म्हणतात, ‘मूल कुठे बघतंय, आम्ही बघतोय.’ ऑस्ट्रेलियातल्या त्या यंत्राने खोलीतल्या टीव्हीचा आवाजही नोंदला होता. मुलाच्या दृष्टीने पाहिलं, तर मालिकेत गुंतलेली आई फोनमध्ये गुंतलेल्या आईइतकीच दूर असते.

मग सोडवायचं कसं?

आता पुन्हा आपल्या त्या घरात जाऊ. पुढे जे दिलं आहे ते निरोगी, वजन ठीक असलेल्या मुलासाठी आहे. मूल आजारी असेल, वजनाने आधीच कमी असेल किंवा नुकतंच आजारातून उठलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, मगच हात घाला.

पहिलं काम फोनचं नाही, दुधाचं आहे. ही मुलगी दिवसाला तीन वेळा पाव-पाव लिटर दूध पिते, म्हणजे 750 मिली. त्याशिवाय मधेमधे बिस्किटं. अशा मुलीला जेवणाच्या वेळी भूक लागणार कुठून? या वयात दिवसाला साधारण 400 ते 500 मिली दूध पुरतं. त्याहून जास्त झालं की ते जेवणाची जागा घेतं, आणि दुधात लोह जवळपास नसल्यामुळे रक्तक्षयाचा धोका वाढतो. देशातली पाच वर्षांखालची दोन तृतीयांश मुलं रक्तक्षयग्रस्त असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळलं होतं. म्हणजे हा मुद्दा किरकोळ नाही. तेव्हा बाटली बंद, दूध कपातून, दोन वेळा, आणि जेवणाच्या आधी दोन-अडीच तास काहीही नाही. पाणी चालेल.

दुसरं काम वेळांचं. साडेआठला नाश्ता, बाराला जेवण, चारला खाणं, पावणेआठला जेवण. रात्रीची वेळ मुद्दाम अलीकडे आणली आहे. साडेनऊला पेंगुळलेलं मूल फोनशिवाय तर सोडाच, कशानेच जेवत नाही.

आता फोन. तो सगळ्या जेवणांतून एकदम काढायचा नाही. एकच खाणं निवडायचं, आणि ते सगळ्यात सोपं निवडायचं. बहुतेक घरांत ते दुपारी चारचं असतं, कारण मूल नुकतंच झोपून उठलेलं, ताजं आणि भुकेलेलं असतं, आणि तेवढं खाणं नाही खाल्लं तरी फारसं बिघडत नाही. शनिवारी सुरुवात केली तर आई-बाबा घरी असतात, आजी एकटी पडत नाही.

चार वाजता मुलीला जमिनीवर मोठ्यांच्या शेजारी बसवायचं. तिच्या ताटलीत अगदी थोडं वाढायचं: धिरड्याचे चार तुकडे, केळ्याच्या दोन चकत्या. भरलेली वाटी बघून मोठ्या माणसाचंही मन मागे सरतं. मोठ्यांनीही तेच खायचं. ‘खा ना गं’ म्हणायचं नाही. भरवायचंही नाही, तिने हाताने खायचं. सांडणारच, खाली जुनं बेडशीट अंथरा. पंचवीस मिनिटं झाली की ताटली उचलायची. न रागावता, न समजावता.

पहिल्या दिवशी ती बहुधा काही खाणार नाही. फोनकडे बोट दाखवेल, मागेल, आडवी पडेल. साडेचारला आजी म्हणेल, ‘अगं, उपाशी राहील गं पोर, निदान थोडं दूध तरी देऊ.’ हाच तो क्षण. यावेळी सुनेने, ‘आई, पावणेआठला जेवायचंच आहे, तोवर थांबू या’, एवढंच म्हणावं. वाद घालायची ही वेळ नाही, तो आदल्या दिवशी निवांतपणे घालून मोकळं व्हायला हवं. दूध दिलं, तर मुलीला एवढंच कळतं की नाश्ता नाकारला की आवडती गोष्ट मिळते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रडणं कमी होण्याऐवजी वाढू शकतं. पूर्वी रडल्यावर फोन मिळायचा, आता मिळत नाही, म्हणून मूल आणखी जोर लावून बघतं. नेमकं इथेच बहुतेक घरं हार मानतात. तिसऱ्या दिवशी अर्धा तास रडल्यावर फोन दिला, तर मूल शिकतं की दहा मिनिटं पुरत नाहीत, अर्धा तास रडावं लागतं. त्यामुळे तिसऱ्या दिवशी माघार घेण्यापेक्षा सुरुवातच न करणं बरं. हे कठोर वाटेल, पण घरात पाहुणे येणार असतील, प्रवास असेल किंवा मुलाला सर्दी असेल, तर खरोखरच पुढच्या आठवड्यावर ढकला.

चार-पाच दिवसांत ती ताटलीतलं काहीतरी उचलू लागते. सगळं खाणार नाही, पण खाईल. हे खाणं स्थिरावलं की दुपारचं जेवण घ्यायचं, मग नाश्ता, आणि सगळ्यात शेवटी रात्रीचं जेवण. या सगळ्याला तीन-चार आठवडे लागतील असं धरून चाला.

हे सुरू असताना मूल कमी खाईल, आणि तेच सगळ्यात जास्त छळतं. ठीक चाललं आहे हे ओळखायचं कसं? मूल खेळतंय, लघवी नेहमीसारखी होतेय आणि झोप ठीक आहे, तर काळजी नको. एका जेवणाचा हिशोब ठेवू नका, आठवड्याचा ठेवा. या वयाची मुलं एका दिवशी चार घास खातात आणि दुसऱ्या दिवशी दोन पोळ्या मागतात. वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर करा. रोज वजन करणं म्हणजे स्वतःला रोज घाबरवणं.

नवी भाजी ताटलीत आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा दिसल्यावर मूल ती तोंडात घालतं. तीन वेळा नाकारली म्हणून ‘हिला दोडका आवडत नाही’ असा निकाल लावायची घाई नको. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली एक कामाची विभागणी इथे उपयोगी पडते: काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं का आणि किती हे मुलाने. आपल्याकडे गंमत अशी की ‘काय’ हे मूल ठरवतं (बिस्कीट) आणि ‘किती’ हे आपण (वाटी संपेपर्यंत).

उरलेला पाऊण तास

जेवण सुटलं, तरी संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी काय, हा प्रश्न राहतोच. दिवसभर काम करून आलेल्या आईला किंवा गुडघे धरलेल्या आजीला ‘त्या वेळी मुलाशी खेळा’ असं सांगणं सोपं आहे, पण पोळ्या कुणी करायच्या?

दोन वर्षांपुढच्या मुलासाठी त्या वेळी टीव्हीवर अर्धा-पाऊण तास काही लावलं, तर त्यात पाप नाही. हा वेळ मर्यादेत बसतो, आणि तो खरोखर गरजेच्या जागी वापरला जातो. फक्त फोनऐवजी टीव्ही बरा. तो डोळ्यांपासून दूर असतो, मुलाला स्वतः पुढचा व्हिडिओ उघडता येत नाही, आणि काय चाललंय ते ओट्यापाशी उभ्या माणसालाही ऐकू येतं. ‘तो ससा कुठे लपला गं?’ असं तिथून विचारता येतं.

तो बंद करताना होणारा तमाशा मात्र टाळता येतो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये लहान मुलांच्या घरांत याच क्षणाचा अभ्यास केला आणि एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. ‘आता दोनच मिनिटं हं’ असा इशारा दिल्याने मुलं शांत होण्याऐवजी जास्त चिडत होती. याउलट कार्यक्रम आपोआप संपला किंवा रोजच्या क्रमातलं पुढचं काम आलं, तर मुलं सहज उठत होती. म्हणजे मिनिटांऐवजी भाग मोजा: दहा मिनिटांचे तीन भाग, मग आंघोळ किंवा जेवण, रोज त्याच क्रमाने. एक भाग संपला की दुसरा आपणहून सुरू होण्याची ‘ऑटोप्ले’ची सोय सेटिंगमध्ये जाऊन आधी बंद करा, कारण ती चालू असेल तर ‘संपलं’ असा क्षण कधी येतच नाही.

आणि सगळे दिवस टीव्हीचीच गरज पडते असंही नाही. या वयाच्या मुलाला खेळण्यांपेक्षा स्वयंपाकघर जास्त आवडतं, कारण तिथे खरं काम चाललेलं असतं. गॅसपासून लांब, दिसेल अशा जागी एक खालचा कप्पा तिच्या नावाने करून टाका. त्यात स्टीलच्या वाट्या, झाकणं, चाळणी, लाटणं, दोन-तीन प्लास्टिकचे डबे. कुठल्या डब्याला कुठलं झाकण बसतं, हे शोधण्यात दोन वर्षांचं मूल पंधरा मिनिटं सहज रमतं. कोथिंबिरीची पानं काढायला द्या. निम्मी वाया जातील, तेवढी जाऊ द्या. परातीत दोन इंच पाणी आणि एक पळी दिली तर कणिक मळून होते, फक्त पाणी असताना पाठ फिरवायची नाही. कणकेचा छोटा गोळा, कांदे-बटाटे एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत, धुतलेले रुमाल चिमट्यांसह. शेंगदाणे, हरभरे, वाटाणे, चिंचोके मात्र देऊ नका. ते या वयात घशात किंवा नाकात अडकतात.

अशा कामात मूल सलग पाऊण तास गुंतणार नाही. दहा मिनिटांनी येऊन साडी ओढेल, तेव्हा नवी वस्तू हातात द्यावी लागेल. फोन एकदा दिला की परत बघावं लागत नाही, हे खरंच आहे. म्हणून आठवड्यातले तीन दिवस कप्पा आणि चार दिवस टीव्ही, असं ठरवलं तरी चालेल.

मूल पाळणाघरात जात असेल, तर तिथे एक प्रश्न जरूर विचारा: जेवताना टीव्ही किंवा फोन लावता का? एका ताईकडे सहा-सात मुलं भरवायला असतील, तर उत्तर ‘हो’ असण्याची शक्यता आहे. तक्रारीच्या सुरात विचारलं तर हाती काही लागत नाही. ‘तिला हाताने खाऊ द्या, कमी खाल्लं तरी चालेल, सांडलं तरी चालेल’, असं पालकांनी स्वतःहून सांगितलं, तर भरवून संपवण्याचा ताईंवरचा दबाव कमी होतो. डबा रिकामा का आला नाही, हे आपणच रोज विचारत असतो, म्हणून तर तिथेही फोन लागतो.

फोन काढूनही खात नसेल, बोलत नसेल तर?

प्रत्येक न खाणारं मूल फोनमुळे खात नाही असं नाही. वजनाची नोंद अंगणवाडीत मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर असते, आणि अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घेता येतं. सलग दोन-तीन महिने वाढीची रेषा सपाट किंवा खाली जात असेल, मूल जेवताना सतत ठसकत असेल, दीड वर्षानंतरही बारीक कणसुद्धा ओकून टाकत असेल, किंवा मोजून तीन-चारच पदार्थ खात असेल, तर ते बालरोगतज्ज्ञांकडे न्यायला हवं. हट्टीपणा म्हणून सोडून देऊ नये.

बोलण्याबाबतही तसंच. समाजमाध्यमांवर ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हा शब्द फिरतो आणि फोन बंद केला की सगळं ठीक होतं, असे व्हिडिओ दिसतात. वैद्यकीय निदानाच्या अधिकृत यादीत असा कुठलाही आजार नाही. जास्त स्क्रीनमुळे मागे पडलेलं मूल आणि ऑटिझम असलेलं मूल सुरुवातीला सारखं दिसू शकतं, आणि फरक तपासणीशिवाय कळत नाही. दीड वर्षाचं मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा दोन वर्षांचं होऊनही ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर फोन बंद करून सहा महिने वाट बघू नका. फोन आजच बंद करा आणि तपासणीही याच महिन्यात करून घ्या, आधी कान तपासून. सरकारी व्यवस्थेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही तपासणी मोफत होते आणि गरज पडल्यास मुलाला जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवलं जातं. जाताना वजनाचं कार्ड आणि मूल आठवडाभरात काय-काय खातं, कुठले शब्द बोलतं, याची कागदावर केलेली यादी सोबत न्या.